भोंग्याच्या निकालावर केस नोट कशी लिहायची? ठाण्याच्या बेडेकर प्रकरणावरून पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

घटनात्मक कायद्याच्या पेपरसाठी धर्मस्वातंत्र्यावरच्या एखाद्या निकालाची केस नोट लिहायला सांगितली की ठाण्यातले निम्मे विद्यार्थी शबरीमला उचलतात आणि उरलेले हिजाब. दोन्ही निकाल प्रचंड आहेत आणि दोन्हींवर इंटरनेटवर इतकं लिहिलेलं आहे की स्वतःचं काही सांगायला जागा उरत नाही. कोर्ट नाक्यावर वकिली करताना इंटर्नशिपला येणाऱ्या मुलांच्या नोट्स माझ्यासमोर येतात. त्यांना मी पहिल्या नोटसाठी आपल्या गावचाच निकाल घ्यायला सांगते. तो म्हणजे डॉ. महेश विजय बेडेकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य, मुंबई उच्च न्यायालय, ऑगस्ट २०१६, न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती ए. ए. सय्यद यांचं खंडपीठ.

लाऊडस्पीकर लावणं हा कोणत्याही धर्माचा अनिवार्य भाग नाही आणि घटनेच्या अनुच्छेद २५ खाली तसा मूलभूत हक्क नाही, असं या निकालाने सांगितलं. बातम्यांत एवढंच आलं. केस नोटचं खरं काम याच्या पुढे सुरू होतं, कारण या वाक्याखाली एक प्रश्न दडलेला आहे: न्यायालयाने नेमकं काय अनिवार्य नाही म्हटलं, आणि निकाल द्यायला ते म्हणणं गरजेचं होतं का? हा प्रश्न सुटला की नोट सुटली.

हाताशी काय ठेवायचं

- निकालाची मूळ पीडीएफ, उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरून. जनहित याचिका क्रमांक १७३, साल २०१०. इंडियन कानूनवरची प्रत शोधायला चांगली, पण परिच्छेद क्रमांक देताना मूळ प्रतीशी ताडून घ्या.
- चर्च ऑफ गॉड (फुल गॉस्पेल) विरुद्ध के. के. आर. मॅजेस्टिक कॉलनी वेल्फेअर असोसिएशन, सर्वोच्च न्यायालय, ३० ऑगस्ट २०००. हा निकाल छोटा आहे, एका बैठकीत होतो.
- ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. त्यातला नियम ५ आणि शेवटचं परिशिष्ट एवढंच लागेल.
- घटनेचे अनुच्छेद २१, २५ आणि २६, शब्दशः. गाईडमधला सारांश नको.

१. आधी निकालाचा लागणारा तुकडा कापून घ्या

बेडेकर निकाल लांबलचक आहे. त्यात उत्सवांतला आवाज, रस्त्यावरचे मंडप, शांतता क्षेत्रं, पोलिसांनी तक्रार कशी घ्यायची, असं बरंच काही एकत्र आलं आहे, कारण अनेक याचिका एकत्र ऐकल्या गेल्या होत्या. सगळ्यावर लिहायला गेलात तर नोट म्हणजे निकालाची अनुक्रमणिका होईल. पीडीएफ उघडून `Ctrl+F` दाबा आणि एकामागून एक हे तीन शब्द शोधा:

```
Article 25
essential
Church of God
```

जिथे हे तिन्ही जवळजवळ सापडतील तो तुमचा तुकडा. त्याच्या आधीची दोन पानं आणि नंतरची दोन पानं सावकाश वाचा, बाकीचं चाळा. आदेशाचा शेवटचा भाग मात्र पूर्ण वाचा. न्यायालयाने शेवटी काय करायला सांगितलं ते कळल्याशिवाय कशासाठी काय म्हटलं हे कळत नाही.

२. तथ्यं थोडक्यात, पण दोन्ही बाजूंची

ठाण्यातल्या एका डॉक्टरांनी उत्सवातल्या आवाजाविरुद्ध २०१० साली याचिका केली. दहीहंडी, गणपती, नवरात्र, रस्ता अडवणारे मंडप हा सगळा विषय तिथून आला. नवी मुंबईतून एक वेगळी याचिका होती, मशिदींवर परवानगीशिवाय लावलेल्या भोंग्यांबद्दल. दोन्ही एकाच निकालात आल्या. ही गोष्ट नोटच्या पहिल्या परिच्छेदातच यायला हवी, कारण हा निकाल एका धर्माविरुद्धचा आहे असा समज बातम्यांमधून पक्का बसलेला असतो. मंडपवाल्यांना तो भोंग्यांविरुद्धचा वाटतो आणि भोंगेवाल्यांना फक्त आपल्यावरचा. निकालाची भाषा मात्र कोणताही धर्म किंवा पंथ अशी आहे.

तथ्यांचा परिच्छेद साधारण असा उतरावा: "ठाण्यातील एका वैद्यकीय व्यावसायिकाने उत्सवकाळातील ध्वनिप्रदूषणाविरुद्ध जनहित याचिका दाखल केली. नवी मुंबईतील दुसऱ्या याचिकेत प्रार्थनास्थळांवरील विनापरवाना ध्वनिक्षेपकांचा प्रश्न होता. ध्वनी नियम, २००० ची अंमलबजावणी होत नाही, हे दोन्हींतील समान गाऱ्हाणे होते." शेवटचं वाक्य विसरू नका. मूळ मागणी अंमलबजावणीची होती, धर्माचा अर्थ लावून द्या अशी नव्हती. पुढच्या विश्लेषणाला हेच उपयोगी पडणार आहे.

३. मुद्दा लिहिताना प्रथा आणि साधन वेगळं करा

नोट बहुतेक इथेच घसरते. "अजान हा इस्लामचा अनिवार्य भाग आहे का?" किंवा "आरती ही हिंदू धर्माची अनिवार्य प्रथा आहे का?" असा मुद्दा लिहिलात तर न्यायालयाने न सोडवलेला प्रश्न तुम्ही त्याच्या तोंडी घातला. न्यायालयासमोर अजान नव्हती, आरतीही नव्हती. समोर होता लाऊडस्पीकर, म्हणजे प्रथा पार पाडण्याचं एक साधन.

मुद्दा असा लिहा: "प्रार्थना, पूजा किंवा धार्मिक उत्सवासाठी ध्वनिक्षेपक वापरण्याचा दावा अनुच्छेद २५ खाली संरक्षित आहे का?" एवढंच. हा फरक निव्वळ शब्दांचा नाही हे दाखवायला अलाहाबाद उच्च न्यायालयाचा १५ मे २०२० चा अफझल अन्सारी निकाल सोबत ठेवा. टाळेबंदीच्या काळात काही जिल्ह्यांत अजानच थांबवली गेली होती. न्यायालयाने दोन गोष्टी सुट्या केल्या: अजान हा इस्लामचा अनिवार्य भाग असू शकतो, पण ती लाऊडस्पीकरवरून देणं हा नाही. म्हणून मुअज्जिनने मिनारावरून स्वतःच्या आवाजात अजान द्यायला हरकत नाही, असं ठरलं. प्रथा वाचली, साधन गेलं. बेडेकर निकाल या चौकटीत ठेवून वाचला की स्वच्छ दिसतो.

४. अनिवार्य प्रथेच्या सिद्धांताची पार्श्वभूमी तीनच टप्प्यांत

शिक्षकांना वाटतं विद्यार्थ्याने सगळे निकाल सांगावेत आणि विद्यार्थी यादी देतो. यादी नको. बेडेकर निकाल समजायला तीन थांबे पुरतात.

पहिला, १९५४ चा शिरूर मठ. उडुपीचा मठ, मद्रासचा धर्मादाय कायदा आणि सात न्यायमूर्तींचं पीठ. धर्माचा अनिवार्य भाग कोणता हे प्रामुख्याने त्या धर्माच्या स्वतःच्या शिकवणीवरून ठरवायचं, असं न्यायमूर्ती बी. के. मुखर्जी यांनी लिहिलं. मूर्तीला ठरावीक वेळी नैवेद्य, ठरावीक विधी, ग्रंथपठण हे सगळं धर्मात बसतं, त्यात पैसे खर्च होतात म्हणून ते ऐहिक ठरत नाही, हे त्यातलं उदाहरण. इथे सिद्धांत धर्माच्या बाजूने उभा आहे.

दुसरा, १९६१ चा अजमेर दर्गा कमिटी. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी त्याला वेगळं वळण दिलं. काही प्रथा अंधश्रद्धेतून आलेल्या आणि धर्माला नंतर चिकटलेल्या असू शकतात, त्यामुळे दाव्याची बारकाईने छाननी व्हायला हवी. आता ठरवणारं न्यायालय झालं.

तिसरा, २००४ चा आनंद मार्ग. कोलकात्यात रस्त्यावरून कवटी आणि सुरी घेऊन तांडव नृत्य करत मिरवणूक काढायची होती. बहुमताने कसोटी दिली: ती प्रथा काढून घेतली तर धर्माचं मूळ स्वरूप बदलतं का? बदलत असेल तर अनिवार्य, नसेल तर नाही. पंथ १९५५ चा, तांडव १९६६ साली आलं, म्हणजे पंथ आधी तांडवाशिवायच होता, हा मुद्दा त्यात निर्णायक ठरला. न्यायमूर्ती ए. आर. लक्ष्मणन यांचं मत वेगळं होतं. नोटमध्ये त्याचा एका ओळीत उल्लेख करा.

५. आता कसोटी खरोखर लावून बघा

नोटमध्ये "न्यायालयाने अनिवार्यतेची कसोटी लावली" असं लिहून पुढे जाण्याचा मोह होतो. थांबा, आणि कशी लावली ते शोधा. बेडेकर निकालाचा या मुद्द्यावरचा आधार मुख्यतः चर्च ऑफ गॉड हा आहे, म्हणून तिकडे जाऊ.

चेन्नईच्या माधवरम हायरोडजवळचं एक चर्च. प्रार्थनेत ड्रम, गिटार, लाऊडस्पीकर. कॉलनीतल्या रहिवाशांची तक्रार. गंमत म्हणजे आवाजाच्या पाहणीत आवाज एकट्या चर्चचा नाही, रस्त्यावरच्या वाहनांचाही आहे, असं निघालं. चर्चच्या धर्माचरणात अडथळा आणण्याचा हेतू तक्रारीमागे नाही, असंही उच्च न्यायालयाने म्हटलं होतं. वाहनांचा आवाज असला तरी चर्चने आपला आवाज कमी ठेवावा असा आदेश झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. दुसऱ्यांची शांतता भंग करून प्रार्थना करा, किंवा ध्वनिवर्धक लावून, ढोल बडवून करा, असं कोणताही धर्म सांगत नाही, असं त्यात म्हटलं आहे.

हे वाक्य दोनदा वाचा. "कोणताही धर्म" म्हणताना न्यायालयाने बायबल उघडलेलं नाही, त्या पंथाच्या उपासनेत संगीताचं स्थान काय हे तपासलेलं नाही. शिरूर मठाची कसोटी म्हणते की त्या धर्माच्या शिकवणीवरून ठरवा. ती पायरी इथे नाही. तांडव प्रकरणात निदान पंथाचा ग्रंथ, त्यात नृत्य कधी आलं, हे सगळं समोर होतं. इथे तसं काही नाही.

मग कसोटी आपणच लावून बघू. आनंद मार्गचा प्रश्न विचारा: लाऊडस्पीकर काढला तर धर्म बदलतो का? यंत्र विसाव्या शतकातलं, धर्म त्याआधीचे. ज्ञानेश्वरीचं पारायण माईकशिवाय शतकानुशतकं झालं, अजानही झाली. उत्तर सोपं आहे, म्हणून न्यायालयाला चुकीचं म्हणता येत नाही. पण त्या चर्चसारख्या नव्या पंथाने "आमची सामूहिक उपासनाच वाद्यांच्या गजरात होते" असा दावा केला तर वयाचा युक्तिवाद डळमळतो, कारण त्यांच्या बाबतीत पंथ आणि साधन एकाच काळातले असू शकतात. नोटमध्ये हा परिच्छेद असेल तर वाचणाऱ्याला कळतं की तुम्ही निकाल वाचला आहे.

६. रेशो आणि ऑबिटर: उलट करून बघण्याची युक्ती

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. रेशो म्हणजे निकाल ज्यावर उभा आहे ते बंधनकारक कारण, आणि ऑबिटर म्हणजे निकालाला गरज नसताना जाता जाता केलेलं विधान. युक्ती साधी आहे. न्यायालयाचं विधान उलटं करा आणि निकाल तोच राहतो का बघा.

समजा न्यायालयाने म्हटलं असतं की लाऊडस्पीकर धर्माचा अनिवार्य भाग आहे. मग मंडपांना रात्री दहानंतर मोकळीक मिळाली असती का? अनुच्छेद २५ (१) ची सुरुवात वाचा. धर्माचं आचरण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या भागातल्या इतर तरतुदींच्या अधीन आहे. आवाजाचा प्रश्न सरळ आरोग्यात बसतो, आणि शांत झोपेचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये. ध्वनी नियम त्यासाठीच आहेत. म्हणजे प्रथा अनिवार्य ठरली असती तरी नियम तिच्यावर लागूच राहिले असते. निकाल तोच राहतो.

त्यावरून अनिवार्यतेचं विधान निव्वळ ऑबिटर, असं लिहून मोकळं होऊ नका. बेडेकर खंडपीठाने तो स्वतंत्र मुद्दा म्हणून घेतला आणि स्पष्ट शब्दांत ठरवला. एकाच निकालाला दोन स्वतंत्र कारणं दिलेली असतात तेव्हा दोन्ही बंधनकारक मानण्याची आपल्याकडे रीत आहे. माझं मत असं: आरोग्याच्या आणि नियमांच्या कारणावर निकाल पक्का उभा आहे, अनिवार्यतेचं कारण त्याला जोडलेलं दुसरं कारण आहे, आणि त्यामागची छाननी पातळ आहे. तुमचं मत वेगळं असू शकेल. पण दोन कारणं वेगवेगळी मांडून मगच बोला.

इथला आणखी एक सापळा म्हणजे अनुच्छेद २५ आणि २६ ची सरमिसळ. २५ व्यक्तीचा हक्क आहे, २६ संप्रदायाचा. २६ हा सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे, पण "या भागातल्या इतर तरतुदी" हे शब्द त्यात नाहीत. आवाजाच्या प्रकरणात आरोग्य दोन्हीकडे असल्याने फरक पडत नाही, पण प्रवेशबंदीच्या निकालावर लिहाल तेव्हा पडतो. सवय आत्ताच लावा.

७. "अनिवार्य नाही" म्हणजे "बेकायदेशीर" नाही

हा सापळा नोटपुरता मर्यादित नाही, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही रोज दिसतो. मूलभूत हक्क नाही याचा अर्थ घटनेचं कवच नाही, इतकाच. लाऊडस्पीकर लावायचा की नाही हे मग ध्वनी नियम ठरवतात, आणि ते लेखी परवानगीने दिवसा लावू देतात. रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. ही सूट नियमातून येते, हक्क म्हणून मागता येत नाही.

मर्यादेचं उदाहरण घ्या. ठाण्यातल्या एका निवासी गल्लीत परवानगी घेऊन मंडप आहे. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. सार्वजनिक ठिकाणच्या लाऊडस्पीकरचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा १० डेसिबलहून जास्त नको किंवा ७५ डेसिबलहून जास्त नको, यातलं जे कमी ते. म्हणजे इथे ६५. मंडळाने ६५ च्या आत ठेवला तर कायदेशीर, धर्म अनिवार्य असो वा नसो. मीटरवर ८० आला तर परवानगी खिशात असूनही बेकायदेशीर. हा हिशोब नोटमध्ये दोन ओळींत घाला, तुमचं विश्लेषण जमिनीवर येईल.

शांतता क्षेत्राबद्दल लिहिणार असाल तर जपून. निकालानंतर ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने नियम बदलला, आणि राज्याने जाहीर केल्याशिवाय एखादा परिसर शांतता क्षेत्र ठरत नाही अशी दुरुस्ती आली. २०१६ चा निकाल वाचून आजच्या रुग्णालयाच्या परिसराबद्दल विधान करू नका.

८. टीका: एकच मुद्दा घ्या आणि ताणून धरा

टीकेच्या भागात "न्यायालयाने समतोल साधला आहे" हे वाक्य लिहू नका. त्याने काही सांगितलं जात नाही. माझी सूचना: बेडेकर प्रकरणात अनिवार्यतेच्या वाटेने जायची गरजच होती का, हा एकच प्रश्न घ्या. सहाव्या पायरीवर तुम्ही त्याची तयारी केलेली आहेच.

त्याला आधार हवा असेल तर १३ ऑक्टोबर २०२२ चा हिजाबचा विभाजित निकाल बघा. न्यायमूर्ती सुधांशु धुलिया यांनी म्हटलं की या प्रकरणात अनिवार्य प्रथेच्या वाटेला जायलाच नको होतं. दुसऱ्या बाजूने न्यायमूर्ती हेमंत गुप्ता होते. म्हणजे हा वाद जिवंत आहे, तुम्ही नव्याने उकरलेला नाही. पण दोन्ही प्रकरणांतला फरकही नोंदवा. हिजाबमध्ये दुसऱ्याच्या आरोग्याला काही होत नव्हतं. लाऊडस्पीकरमध्ये शेजारच्या माणसाचा हक्क सरळ आड येतो. त्यामुळे तिथे अनिवार्यतेचा प्रश्न टाळणं कठीण होतं आणि इथे टाळणं सोपं होतं, असं मला वाटतं.

९. निकालाचं पुढे काय झालं

शेवटी निकालानंतरचं तपासा. २३ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या याचिकेवर तेच म्हटलं की लाऊडस्पीकर कोणत्याही धर्माचा अनिवार्य भाग नाही. न्यायमूर्ती अजय गडकरी आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांनी पोलिसांना पायऱ्या घालून दिल्या: आधी समज, मग दंड, मग साहित्य जप्ती आणि परवानगी रद्द. तक्रारदाराची ओळख जाहीर करू नये हेही सांगितलं. बेडेकर निकालाचा प्रवास दाखवायला हा निकाल पुरेसा आहे.

शबरीमलाच्या पुनर्विचारात नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनिवार्य प्रथेबाबतचे प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवले आणि त्यासाठी नऊ न्यायमूर्तींचं पीठ बसलं. या संदर्भाचा उल्लेख नोटच्या तळटिपेत हवाच, कारण त्याच्या उत्तरावर तुमच्या पाचव्या आणि सहाव्या पायरीतलं बरंचसं अवलंबून आहे. नोट सादर करायच्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर त्या प्रकरणाची स्थिती पाहा, आणि ज्या तारखेला पाहिली ती तारीख तळटिपेत लिहा.